बाहेर जाणाऱ्याची नोंद: नाशिकच्या तीन दिवसांच्या महोत्सवासाठी बारकोड की आरएफआयडी?

नाशिक शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका मोकळ्या जागेवर फेब्रुवारीत संगीत आणि खाण्यापिण्याचा तीन दिवसांचा महोत्सव ठरला होता. शुक्रवारी दुपारी सुरू, रविवारी रात्री समाप्त. रोज साधारण ५००० माणसं धरली होती. त्यांतल्या २००० जणांकडे तीन दिवसांचा पास, बाकीचे त्या-त्या दिवसाच्या तिकिटावर येणारे. गेटची जबाबदारी आमच्या चमूकडे होती. मनगटावर बारकोडचा बँड बांधायचा की आरएफआयडीचा, हे आयोजकांना महिनाभर आधी ठरवायचं होतं, कारण बँड छापून यायला तेवढा वेळ लागतो.

बारकोड म्हणताना सगळ्यांच्या मनात क्यूआर कोडच होता, मीही इथे त्याच अर्थाने लिहितो आहे. आरएफआयडीच्या बँडमध्ये छोटी चिप आणि तिचा अँटेना असतो आणि तो रीडरजवळ नेला की वाचला जातो.

या महोत्सवाची एक अट सगळ्या हिशेबाच्या मुळाशी होती. एकदा आत आलेल्याला बाहेर जाऊन परत येता यायला हवं होतं. बाहेरगावचे लोक शहरातल्या हॉटेलांत आणि आसपासच्या होमस्टेमध्ये उतरणार होते. सकाळी त्र्यंबकेश्वरला दर्शन, मग कुठेतरी मिसळ, दुपारी मैदानावर, मध्येच खोलीवर जाऊन आंघोळ, संध्याकाळी पुन्हा मैदानावर, असा त्यांचा बेत असतो. शिवाय फेब्रुवारीत इथे दुपारी ऊन तापतं आणि सूर्य कलला की गार वारा सुटतो. त्यामुळे सहा ते सातच्या दरम्यान शेकडो लोक पार्किंगमधून स्वेटर आणायला बाहेर जातात आणि मुख्य कार्यक्रमाआधी परत येतात. ही तासाभराची ये-जा हीच आमची खरी परीक्षा होती.

वेग मोजायचा कुठे?

दोन पुरवठादार आले. आरएफआयडीवाल्याचा सगळा भर वेगावर होता. क्यूआर वाचायला चार सेकंद लागतात, चिप दीड सेकंदात वाचली जाते, म्हणून तुमची रांग निम्म्याहून कमी होईल, असं त्याचं म्हणणं. आकडे खोटे नव्हते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

आत येणाऱ्या माणसाची बॅग उघडून पाहावी लागते, अंगझडती होते, पाण्याच्या बाटलीवरून थोडी हुज्जत होते. चांगला सराव असलेल्या माणसांनाही प्रत्येकी १२ सेकंद लागतात. म्हणजे एका रांगेतून तासाला ३०० माणसं. सहा रांगा लावल्या तर तासाला १८००. स्कॅन करणारा माणूस तपासणीच्या आधी उभा असतो, म्हणजे पुढच्याची बॅग तपासली जात असताना मागच्या माणसाचं स्कॅन होऊन जातं. ते चार सेकंदांचं असो की दीड सेकंदाचं, रांग तपासणीच्याच वेगाने पुढे सरकते. प्रवेशाची रांग कमी करायची असेल तर तपासणीची टेबलं आणि माणसं वाढवावी लागतात. चिपसाठी दिलेल्या पैशांतून ती रांग एका माणसाने कमी होत नाही.

पहिल्या दिवशी आणखी एक अडचण असते आणि तीही दोन्ही पद्धतींत सारखीच. फोनवरचं तिकीट दाखवून बँड घेताना ते तिकीट आणि तो बँड यांची जोडी लावावी लागते: आधी तिकिटाचा क्यूआर, मग बँड, मग मनगटावर बांधणं. घाई न करता केलं तर माणशी वीसेक सेकंद जातात. म्हणून तीन दिवसांच्या पासवाल्यांसाठी आम्ही आदल्या दोन दिवसांत शहरात बँड बांधून देण्याची सोय केली. यातही चिपमुळे वाचणारे दोन-तीन सेकंद नगण्यच.

मग स्कॅनचा वेग खरोखर महत्त्वाचा कुठे ठरतो? बाहेर जाण्याच्या दारावर. तिथे बॅग तपासायची नसते. माणूस चालत येतो, स्कॅन होतो, जातो. तिथे स्कॅन हेच एकमेव काम असतं. आणि पुरवठादारांच्या दोन्ही प्रस्तावांत त्या दाराचा उल्लेखही नव्हता.

लाल दिवा खोटा ठरू लागला की

बाहेर जाताना स्कॅन का करायचं, हे आयोजकांना आधी पटेना. "दादा, आत येताना बघतोच ना आपण? जाणाऱ्याला कशाला अडवायचं?" असं त्यांच्यातले एक जण म्हणाले. प्रश्न रास्त होता.

समजा बाहेर जाताना नोंद होत नाही. मग परत येणाऱ्याचा बँड हिरवाच दिसला पाहिजे, कारण पास वैध आहे. आता एक मित्र आत येतो, सैल बांधलेला बँड काढून कुंपणावरून बाहेर देतो, दुसरा मित्र तोच हातात चढवून येतो. यंत्राला दोन्ही वेळा वैध बँड दिसतो. एका पासवर चार जण आले तरी कळणार नाही. जाणाऱ्याची नोंद असेल तर यंत्राला माहीत असतं की हा बँड सध्या आत आहे. तोच क्रमांक पुन्हा आत येऊ पाहतोय म्हणजे लाल. फोटो काढून छापलेला नकली बारकोडही असाच अडकतो, निदान मूळ बँड आत असताना तरी.

म्हणजे ये-जा देणारं प्रत्येक गेट प्रत्येक बँडविषयी एकच गोष्ट सांभाळत असतं: आत की बाहेर. ही माहिती बरोबर राहण्यासाठी जाणारा प्रत्येक माणूस स्कॅन व्हायला हवा. सगळं प्रकरण इथेच नाजूक होतं.

आमचा हिशेब असा होता. सहा ते सातमध्ये ६०० जण बाहेर जातील. स्वयंसेवकाच्या हातून वीसात एक स्कॅन सुटला, तर ३० माणसं बाहेर असूनही यंत्राच्या लेखी आतच राहतात. ती स्वेटर घालून परत येतात तेव्हा लाल दिवा लागतो. पैसे भरून आलेल्या ३० प्रामाणिक माणसांसाठी तासाभरात ३० वेळा लाल, म्हणजे दर दोन मिनिटांनी एक. प्रत्येकाशी बोलून, नाव-फोन पडताळून सोडवायला मिनिटभर तरी जातं. रांगेतला निम्मा वेळ यातच संपतो, मागचे ओरडायला लागतात आणि गेटवरची पोरं काय करतात? लाल दिसला की "सोडा" हे बटण दाबायला शिकतात. एकदा बोटाला ती सवय लागली की खरा लबाड आला तरी बटण दाबलंच जातं. यंत्रणा चालू दिसते, पण राखण संपलेली असते.

तेच स्कॅन शंभरात एक सुटलं, तर तासाला सहा खोटे लाल. सहा माणसांकडे गेटप्रमुख स्वतः लक्ष देऊ शकतो. त्यामुळे वीसात एक आणि शंभरात एक यांतला फरक हाच आमचा निकष ठरला. बारकोड की चिप हे ठरवायचं ते याच कसोटीवर: अंधारात, थंडीत, घाईत बाहेर पडणाऱ्या माणसाचा स्कॅन कशाने कमी सुटतो?

मैदानावरची चाचणी

कागदावर याचं उत्तर मिळत नाही. म्हणून आम्ही दोन्ही प्रकारचे नमुने मागवले, काही स्वयंसेवकांना तीन दिवस घालायला दिले आणि मग संध्याकाळी दिवे लावून मैदानावरच चाचणी घेतली. तीन दिवसांत आंघोळ, भांडी घासणं, सनस्क्रीन, सॅनिटायझर, सगळं त्या बँडवरून जायला हवं, अशी सूचना होती.

सगळ्यांत आधी बाद झाला तो उष्णतेने छापलेला कागदी धर्तीचा बँड. त्यावर शाई नसते, कागदच तापवून काळा केलेला असतो. त्यामुळे सॅनिटायझर किंवा सांडलेली वाइन लागली की कोड फिकट पडतो. एका संध्याकाळीपुरता तो बरा, तीन दिवसांसाठी नाही. टायव्हेकचा, म्हणजे सहज न फाटणाऱ्या, कागदासारख्या पातळ प्लास्टिकचा बँड शाईने छापलेला असेल तर जास्त टिकतो, पण तिसऱ्या दिवशी त्याच्या कडा गुंडाळतात आणि कोड चुरगळतो.

विणलेल्या कापडी पट्टीवर क्यूआर नीट उमटत नाही, धाग्यांमुळे चौकोनांच्या कडा फुटतात. म्हणून तो पट्टीत ओवलेल्या छोट्या पीव्हीसी चकतीवर छापतात. चकती टिकाऊ निघाली. तीन दिवसांनी कोड जसाच्या तसा होता. तरी संध्याकाळच्या चाचणीत स्वयंसेवक वैतागले. स्वेटरची बाही वर करा, चकती मनगटाच्या खालच्या बाजूला फिरलेली असते ती वर आणा, फ्लडलाइटची चमक पडते म्हणून हात तिरका धरा, मग स्कॅन. हातात खाण्याची प्लेट असेल तर आणखी उशीर. एकेकटा माणूस आला तर पाच-सहा सेकंद. गट आला की तिसऱ्या-चौथ्या माणसानंतर स्वयंसेवक हाताने "जा, जा" करू लागायचा. कुणी सांगितलं नव्हतं, तरी करायचा. आम्हाला नेमकं हेच पाहायचं होतं.

चिपच्या बँडची सुरुवात मात्र खराब झाली. पुरवठादाराने रीडर लोखंडी बॅरिकेडला केबल टायने बांधून दिले आणि चकती अगदी घासल्याशिवाय एकही वाचला जाईना. कारण साधं आहे. या चिपला स्वतःची बॅटरी नसते. रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला वीज मिळते आणि मागे मोठा लोखंडी पृष्ठभाग असेल तर ते क्षेत्र क्षीण होतं, अँटेनाचा मेळही बिघडतो. बॅरिकेडवर प्लायवूडची जाड फळी लावून रीडर तिच्यावर, लोखंडापासून चारेक बोटं पुढे बसवला, तेव्हा तो तीन-चार सेंटिमीटरवरून नीट वाचू लागला. पातळ बाहीतूनही वाचला. चकती वर आहे की खाली, उजेड आहे की नाही, याने काहीच फरक पडला नाही.

त्याहून मोलाची गोष्ट वेगळीच निघाली. रीडरचा हिरवा दिवा आणि आवाज जाणाऱ्या माणसाला स्वतःला कळतो. लोक आवाज येईपर्यंत हात धरून थांबायचे, नाही आला तर आपणहून पुन्हा लावायचे. बारकोडमध्ये स्कॅन करणं ही स्वयंसेवकाची जबाबदारी असते आणि घाईच्या वेळी त्याचंच लक्ष सुटतं. इथे ते काम जाणाऱ्याने स्वतःकडे घेतलं. आमच्या कसोटीवर चिप जिंकली ती या कारणाने.

याच वेळी पुरवठादाराने एक मोह दाखवला. हात लावायचीही गरज नाही, यूएचएफ चिप वापरा, दारातून चालत गेलं की नोंद होते. दुकानातल्या कपड्यांच्या पेट्या मोजायला ते तंत्र उत्तम आहे. माणसाच्या मनगटावर मात्र पंचाईत होते, कारण त्या लहरी शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात. हात अंगाला चिकटून असेल किंवा खिशात असेल तर वाचन सुटतं. उलट दाराच्या आतल्या बाजूला गप्पा मारत उभ्या असलेल्या माणसाचा बँड काही मीटरवरून वाचला जातो आणि तो बसल्याजागी "बाहेर" जातो. सुटलेलं आणि नको असलेलं वाचन, दोन्ही दोष एकदम. आम्ही जवळून लावायची, १३.५६ मेगाहर्ट्झची चिपच ठेवली. फोनमधलं एनएफसी चालतं ती हीच.

सगळ्यांना चिप का नाही

तीन दिवसांत लागणारे बँड मोजले तर पासवाले २००० आणि एका दिवसाचे रोज ३००० धरून ९०००, असे एकूण ११०००. आम्हाला मिळालेले दर असे होते: चिपचा कापडी बँड ६० रुपये, क्यूआर चकतीचा कापडी बँड १८ रुपये, टायव्हेक ५ रुपये. सगळ्यांना चिप म्हणजे ६ लाख ६० हजार. सगळ्यांना क्यूआरचा कापडी बँड म्हणजे १ लाख ९८ हजार.

पण एका दिवसाच्या तिकिटाला ये-जा द्यायची की नाही, हा निर्णय आपल्या हातातला होता. तीन दिवसांच्या पासला ये-जा आहे, एका दिवसाच्या तिकिटाला नाही, असं ठरवलं तर चिप फक्त २००० जणांना लागते. त्याचे १ लाख २० हजार आणि उरलेल्या ९००० टायव्हेकचे ४५ हजार, मिळून १ लाख ६५ हजार. म्हणजे सरसकट क्यूआरच्या कापडी बँडपेक्षाही कमी. टायव्हेकला बाहेर जाताना स्कॅन नाही, दारावर तो कापूनच घ्यायचा. रोजचा रंग वेगळा.

आयोजकांना यात धोका दिसला तो बरोबर होता. एका दिवसाच्या माणसालाही थंडी वाजते. म्हणून तिकिटाच्या संदेशात आदल्या दिवशी ठळक सांगितलं की संध्याकाळी गारठा असतो, स्वेटर सोबतच आणा, बाहेर गेलात तर परत आत येता येणार नाही. आणि आत सामान ठेवायची खोली उघडली. त्या खोलीचा खर्च वरच्या हिशेबात नाही, तो वेगळा. औषध किंवा लहान मुलाची अडचण असेल तर गेटप्रमुखाच्या सहीची चिठ्ठी. तरी दारावर काही वाद झालेच. ये-जा नाकारणं लोकांना आवडत नाही, आणि ज्या महोत्सवात बहुतेक जण एका दिवसाचे असतील तिथे ही वाटणी करू नये, असंच माझं मत आहे.

चिपसोबत खर्च येतो तो यंत्रांचाही. आम्ही भाड्याने घेतलेली अँड्रॉइड हँडहेल्ड यंत्रं क्यूआर आणि चिप दोन्ही वाचणारी होती, त्यामुळे दोन पद्धतींसाठी दोन संच लागले नाहीत. चिपच्या चकतीवर तोच क्रमांक क्यूआरमध्येही छापून घेतला. एखादी चिप मुळातच मेलेली निघते, एखादी दारात आपटून मरते. तेव्हा क्यूआर कामी येतो आणि माणूस अडकत नाही. क्रमांक मात्र ओळीने द्यायचे नाहीत. पुरवठादार सवयीने ००१, ००२ असे छापतात आणि मग कुणीही पुढचा क्रमांक ओळखून कोड तयार करू शकतो. आम्ही यादृच्छिक लांब क्रमांकांची यादी स्वतः दिली. लोक बँड बांधला की लगेच हाताचा फोटो टाकतात, त्यात क्यूआर स्पष्ट दिसतो, म्हणून स्वयंसेवकांना एक पक्का नियम होता: मनगटावर बांधलेलाच बँड स्कॅन करायचा, फोनवरचं किंवा हातात धरलेलं काहीही नाही.

पुरवठादार चिपसोबत रोकडरहित खरेदीची यंत्रणाही देऊ पाहत होता. ती आम्ही घेतली नाही. स्टॉलवाले आणि गिऱ्हाईक दोघेही यूपीआयला सरावलेले असताना बँडमध्ये पैसे भरा, उरलेले परत मागा, हा व्याप वाढवण्यात अर्थ नव्हता.

दाराची मांडणी

चिपचा एक खरा फायदा असा की तिच्यावर लिहिता येतं. बाहेर जाताना "बाहेर" असं चिपवरच लिहिलं तर दुसऱ्या गेटला नेटवर्क नसलं तरी चालतं. छापलेल्या कोडला हे कधीच जमणार नाही. मैदानावर हजारो फोन एकत्र आले की मोबाइलचा डेटा रडायला लागतो, तेव्हा हा मुद्दा वजनदार वाटतो. पण लिहायला वाचण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि लिहिणं चालू असताना माणसाने हात काढला तर नोंद अर्धवट राहते. त्या अर्धवट नोंदी सोडवणं ही नवी डोकेदुखी.

त्याऐवजी आम्ही दारंच कमी केली. एका दिवसाच्या तिकिटवाल्यांच्या प्रवेशाची सहा रांगांची मोठी कमान वेगळी. पासवाल्यांची ये-जा मात्र एकाच ठिकाणी, पार्किंगच्या बाजूला: दोन रांगा बाहेर, तीन आत. पाचही यंत्रं एका छोट्या स्थानिक सर्व्हरला जोडलेली. हँडहेल्ड वायफायवर आणि वायफायचा खांब केबलने सर्व्हरला. इंटरनेटची गरजच नाही. जनरेटर बदलताना क्षणभर वीज जाते, म्हणून सर्व्हर आणि वायफाय दोन्ही यूपीएसवर. २००० क्रमांकांची यादी प्रत्येक यंत्रातही होती, म्हणजे जोडणी तुटली तरी निदान पास खरा की खोटा हे कळत राहतं. तेवढ्या वेळापुरती आत-बाहेरची तपासणी बंद आणि बँड ओढून पाहणं सक्तीचं, असा नियम होता. पासवाल्यांचा पहिला प्रवेशही याच दारातून ठेवला, म्हणजे कमानीचा या नोंदीशी संबंधच उरला नाही.

यंत्राची दिशा कायमची बांधली. काही ॲपमध्ये एकच यंत्र आलटून पालटून चालतं: पहिल्यांदा लावलं की आत, पुन्हा लावलं की बाहेर. हे कधीही चालू ठेवू नये. लोक सवयीने दोनदा लावतात आणि दुसऱ्या वेळी नोंद उलटते. आमच्याकडे बाहेरच्या रांगेतलं यंत्र फक्त "बाहेर" नोंदवायचं आणि तोच बँड अर्ध्या मिनिटात पुन्हा आला तर दुर्लक्ष करायचं. येणाऱ्या आणि जाणाऱ्या रांगांत पुरेसं अंतर ठेवलं, नाहीतर गर्दीत लोक शेजारच्या रीडरवरही हात ठेवतात.

रात्री कार्यक्रम संपल्यावर कुणालाही स्कॅन करायचं नाही. पाच हजार माणसं एकदम निघतात तेव्हा दार अरुंद ठेवणं धोक्याचं आहे. सगळी दारं सताड उघडायची आणि मैदान रिकामं झाल्यावर सर्व्हरवर सगळे बँड एका झटक्यात "बाहेर" करायचे. तंबूत राहणाऱ्यांचा तळ यासाठीच कुंपणाबाहेर घेतला होता. तो आत असता तर कोण झोपलंय आणि कोण गेलंय हे वेगळं सांभाळावं लागलं असतं.

तीन दिवस काय दिसलं

शुक्रवारी संध्याकाळी खोटे लाल अपेक्षेपेक्षा जास्त आले. सगळे एकाच स्वरूपाचे होते. नोंदवहीत एकाच बँडचं "आत" आणि पुन्हा "आत" दिसत होतं, मध्ये "बाहेर" नव्हतं. म्हणजे लोक तिसऱ्याच वाटेने बाहेर पडत होते. शोधल्यावर सापडलं: स्टॉलवाल्यांच्या टेम्पोसाठी ठेवलेलं मागचं फाटक. पार्किंगला तिथून जवळ पडत होतं. शनिवारी तिथे माणूस बसवला आणि लाल दिवे लगेच कमी झाले. उलट स्वरूप, म्हणजे "बाहेर" आणि पुन्हा "बाहेर" दिसलं असतं तर आत येताना कुणाचा स्कॅन सुटतोय असं समजलं असतं. गेटप्रमुखाने दर तासाला या दोन प्रकारच्या नोंदी बघितल्या तर गळती कुठे आहे हे यंत्रच सांगतं.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे "सोडा" बटण. कोणत्या यंत्रावर किती वेळा दाबलं आणि लाल लागल्यापासून किती वेळाने दाबलं, हे सर्व्हरवर दिसतं. दोन-तीन सेकंदांत दाबलं जात असेल तर कुणी चौकशी केलेली नाही. एका रांगेत असं दिसलं तेव्हा तिथल्या मुलाला रागावण्यात अर्थ नव्हता, त्याच्यावर रांगेचा ताण होता. ते बटणच त्याच्या यंत्रावरून काढलं आणि लाल आलेल्या माणसाला बाजूच्या टेबलाकडे पाठवायचं ठरवलं. टेबलावर बसलेल्या ताई शांतपणे पासवरचं नाव आणि फोनचे शेवटचे चार अंक विचारायच्या. रांग थांबली नाही आणि बटण एकाच हातात राहिलं.

बँडची अदलाबदल पूर्ण थांबली नाही आणि ती चिपने थांबणारही नव्हती. बाहेर जाणारा नियमाने नोंद करून गेला, पार्किंगमध्ये बँड काढून मित्राला दिला आणि मित्र आत आला, तर यंत्राच्या लेखी सगळं बरोबर आहे. यंत्राला क्रमांक कळतो, मनगट कळत नाही. इथे कामाला येतं ते बांधणं. कापडी बँडचं दातेरी कुलूप एकाच दिशेने सरकतं. एक बोट जाईल एवढीच जागा ठेवून ते ओढलं तर हाताच्या पंज्यावरून निघत नाही. दोन-तीन बोटं जागा राहिली तर साबण लावून निघतो. परत येणाऱ्याचा बँड पंज्याकडे ओढून बघायचा, एवढी एकच हालचाल आत येणाऱ्या रांगेत सक्तीची होती. सापडलेले बहुतेक सैल बँड शहरातल्या केंद्रावर गर्दीच्या वेळी बांधलेले निघाले. तिथे लोक "जरा सैल ठेवा ना भाऊ, रुततंय" म्हणतात आणि बांधणारा ऐकतो. सैल बँड सापडला तर माणसाला परत पाठवायचं नाही, तिथल्या तिथे आवळायचा. निघालेलाच असेल तर जुना क्रमांक यादीतून बंद करून नवीन बांधायचा, पण जुना तुकडा हातात घेतल्याशिवाय नाही.

आयोजकांनी पुढच्या वेळी एका दिवसाच्या तिकिटालाही ये-जा द्यायची का, असं विचारलं आहे. तसं केलं तर ११००० बँडचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. माझं सांगणं असं आहे की तेव्हाही चिप पासवाल्यांपुरतीच ठेवावी आणि एका दिवसाच्या लोकांना दिवसाउजेडीच, संध्याकाळी साडेपाचपर्यंत, टायव्हेकवरचा क्यूआर स्कॅन करून बाहेर सोडावं. उजेडात, बाही नसताना, गट लहान असताना छापलेला कोड पुरेसा चालतो. चाचणीत तो हरला तो अंधार, स्वेटर आणि घाई एकत्र आल्यावर. साडेपाचनंतर बाहेर गेलेल्याचा टायव्हेक कापला जाईल, हे तिकिटावरच छापावं लागेल. शहरातल्या केंद्रावर बँड बांधायला गेटवरचीच अनुभवी माणसं बसवायची, हे मात्र आत्ताच ठरलं आहे.